महालक्ष्म्यांच्या आराशीत ज्योत कुठे आणि बॅटरीचा दिवा कुठे

इंदुरातल्या मराठी घरात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा त्या कोपऱ्यात काय काय गोळा होतं ते एकदा नीट बघा. मागे पडदा म्हणून सोडलेली जरीची साडी, दोघींच्या अंगावरच्या नव्या साड्या, कापसाची गेजवस्त्रं, कागदी फुलांच्या माळा, पुठ्ठ्याची कमान. त्यात उकाडा असतो म्हणून डोक्यावर पंखा पाचावर. अशा जागी दोन डझन मेणाचे टीलाइट लावायचे म्हणजे काय, याचा अंदाज उष्णतेवरून येतो. एक टीलाइट तासाला साधारण तीन ग्रॅम मेण जाळतो आणि त्यातून 30 ते 40 वॉट उष्णता बाहेर पडते. चोवीस टीलाइट म्हणजे आराशीत लपवून ठेवलेला आठ-नऊशे वॉटचा हीटर. बॅटरीच्या एका दिव्याची उष्णता एका वॉटच्या कितीतरी खाली राहते.

म्हणून आराशीपुरते बॅटरीचे दिवे घ्यावेत या मताची मी आहे. पण बाजारातून एकच पाकीट उचलून सगळीकडे तेच लावलं की रंगाचा बेरंग होतो. कुठला दिवा कुठे, त्यात कुठला सेल आणि त्याची ज्योत कशी हलते, हे जागेप्रमाणे ठरवावं लागतं.

आधी खऱ्या ज्योतीची जागा ठरवा

समई आणि आरतीचं निरांजन तेला-तुपाचंच. तिथे बॅटरी आणू नये, आणि कुणी आणतही नाही. पण समई ठेवायची ती पितळी परातीत, जमिनीवर किंवा न डगमगणाऱ्या पाटावर. तिच्या चहूबाजूंना निदान एक फूट जळण्यासारखं काही नको, आणि वरच्या बाजूला तर काहीच लोंबतं नको. उष्णता सरळ वर चढते. समई लावल्यावर ज्योतीच्या वर दीड-दोन फुटांवर तळहात धरून बघा. तिथेही झळ लागते, आणि माळ नेमकी तिथेच लटकलेली असते. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका वाकून नमस्कार करतात तेव्हा पदर पुढे येतो. समई अगदी पुढे ठेवण्याऐवजी एका बाजूला सरकवली तर तो धोका बराच कमी होतो.

आता उरलेल्या जागा मोजा. माझ्या हिशेबाने त्या तीन प्रकारच्या असतात. एक, दोघींच्या दोन्ही अंगांना, जिथे येणाऱ्याची नजर आधी जाते. दुसरी, फुलांच्या, कमानीच्या किंवा जाळीच्या मागची, जिथे दिवा दिसत नाही, फक्त त्याचा उजेड दिसतो. तिसरी, उंबरा, जिना आणि तुळशीपाशी ठेवायच्या पणत्यांची. या तिन्ही ठिकाणी तीन वेगळे दिवे लागतात. यादी करूनच सियागंजात किंवा महाराणी रोडला जा, म्हणजे दुकानदार जे पुढे करेल तेच घेऊन यायची वेळ येणार नाही.

सेल बघून दिवा घ्या

दिवा उलटा करून बुडाचं झाकण उघडायला लावा. आत काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सगळ्यात स्वस्त दिव्यात बटन सेल असतो, बहुतेक वेळा CR2032. तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर व्यासाचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. मुळात हा सेल घड्याळ किंवा गाडीच्या चावीसारख्या कामासाठी केलेला, जिथे वर्षानुवर्षं थेंब थेंब वीज लागते. दिव्यात त्याच्याकडून कित्येक पट जास्त वीज ओढली जाते. अशा दिव्यांत वीज आवरणारा वेगळा भाग बहुधा नसतोच, सेलचा स्वतःचा अंतर्गत रोधच ते काम करतो. त्यामुळे नवा सेल घातल्यावर पहिला तासभर दिवा झकास दिसतो आणि मग उजेड हळूहळू उतरत जातो. पाकिटावर 48 तास किंवा 72 तास लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण ते तास दिवा पूर्ण विझेपर्यंतचे असतात. आवाहनाच्या संध्याकाळी लावलेला दिवा विसर्जनाच्या दिवशी पेटलेला असेल, पण चार पावलांवरून तो पेटलाय की नाही हे बघायला वाकावं लागेल.

यात एक खुबी आहे, ती माहीत असेल तर त्याच सेलवर दिवा जास्त टिकतो. एलईडीला पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतं, आणि ते रंगाप्रमाणे बदलतं. पिवळ्या-केशरी उजेडाच्या एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात. वॉर्म व्हाइट, म्हणजे मऊ पांढऱ्या एलईडीला तीनच्या आसपास लागतात, कारण तिच्या पोटात निळी चिप असते आणि वर पिवळा लेप. तीन व्होल्टचा सेल जरा उतरला की वॉर्म व्हाइट मान टाकते, पिवळी मात्र चालत राहते. म्हणून बटन सेलच्या दिव्यात पिवळा-केशरी उजेडच घ्यावा.

दुसरा प्रकार बारीक पेन्सिल सेलचा, रिमोटमध्ये घालतो तो, म्हणजे AAA. या दिव्यांत दोन किंवा तीन सेल लागतात. दिवा आकाराने मोठा होतो, पण उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. साध्या कार्बन-झिंक सेलवर असा दिवा अंदाजे पंचवीस तास चालतो आणि अल्कलाइनवर साठ तासांच्या आसपास. हे आकडे दिवा पंधरा-एक मिलिअँपिअर ओढतो असं धरून काढलेत. तुमचा दिवा जास्त झगझगीत असेल तर तास कमी होतील.

तिसरा प्रकार पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा. ते घेताना पुष्कळ जण फसतात. चार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड सेल दीड व्होल्टचा नसतो, 1.2 व्होल्टचा असतो. दोन सेलच्या दिव्यात तो घातला की मिळतात 2.4 व्होल्ट. दिव्यात वॉर्म व्हाइट एलईडी असेल तर ती मिणमिणते किंवा पेटतच नाही, आणि आपल्याला वाटतं सेल चार्ज झाला नाही किंवा दिवा खराब निघाला. दोन्ही ठीक असतात, फक्त जोडी जमलेली नसते. तीन सेलच्या दिव्यात 3.6 व्होल्ट मिळतात, तिथे काही अडत नाही. तेव्हा चार्ज होणारे सेल वापरायचे असतील तर तीन सेलचा दिवा घ्या, नाहीतर दोन सेलचा पण पिवळ्या एलईडीचा.

पाणी घातलं की पेटणाऱ्या पणत्या हल्ली दिवाळीच्या आधीच दुकानात येतात. त्यांच्या तळाला धातूचे दोन ठिपके असतात, पाणी पडलं की त्या दोघांत वीज वाहू लागते आणि दिवा लागतो. उंबऱ्यावर आणि तुळशीपाशी त्या छान दिसतात, वाऱ्याने विझत नाहीत. पण त्यातला सेल बहुतेक वेळा बदलता येत नाही, आणि ठिपके ओलसर ठेवून दिले तर दिवा डब्यातसुद्धा जळत बसतो. रात्री पाणी काढून कोरड्या फडक्याने ठिपके पुसायचे, एवढं तरी करा.

घरात लहान मूल येणार असेल तर बटन सेलच्या दिव्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर तो दिवा घेऊच नका. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा भाजून काढू शकतो, आणि सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसतं. शंका जरी आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठायचं. तिथे एक्स-रे काढून कळतं. ज्या दिव्याला खेळणं समजून मूल उचलेल अशी शंका आहे तो बटन सेलचा नकोच, पेन्सिल सेलचा घ्या.

ज्योत कशी हलते ते दुकानात बघा

दुकानदार दिवा लावून आपल्या डोळ्यांसमोर धरतो आणि म्हणतो, "देखिए दीदी, बिल्कुल असली।" त्या वेळी दिव्याकडे बघू नका. तो दिवा घेऊन भिंतीपाशी जा, मध्ये आपला हात धरा आणि हाताच्या सावलीकडे बघा. खऱ्या ज्योतीत उजेडाचा उगमच डुलतो, म्हणून सावली डुलते. साध्या एलईडीत तो एका जागी खिळलेला असतो, फक्त कमी-जास्त होतो, म्हणून सावली जागची हलत नाही, नुसती गडद-फिकी होते. नकली दिवा नकली का वाटतो याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, आपल्याला मात्र ते बोट ठेवून सांगता येत नाही.

महालक्ष्मीच्या पितळी मुखवट्यावर तर हा फरक लख्ख दिसतो. समईची ज्योत हलली की गालावरचा चमकणारा ठिपका किंचित सरकतो आणि मुखवटा जिवंत वाटतो. एलईडीचा ठिपका तिथल्या तिथे लुकलुकतो. एकाच दिव्यावर भिस्त ठेवली तर हे टळत नाही. पण तीन साधे दिवे वीतभर अंतरावर ठेवले आणि प्रत्येकाचं लुकलुकणं वेगळं असलं, तर कधी डावा प्रखर होतो, कधी उजवा, आणि सावली व चमक दोन्ही सरकल्यासारखी दिसतात. जरा महाग दिव्याचं काम तीन स्वस्त दिवे करतात ते असं.

लुकलुकणं येतं कुठून, तर स्वस्त दिव्यात एलईडीच्या काचेसारख्या टोपीतच एक चिमुकली चिप बसवलेली असते. ती उजेडाच्या ठरावीक पायऱ्या वरखाली करत राहते. क्रम बेभरवशाचा वाटावा अशीच तिची रचना असते, पण हलक्या दिव्यांत तो लवकर पुन्हा येतो. दिवा एक मिनिट शांतपणे बघितला की ताल सापडतो, आणि एकदा सापडला की मग दुसरं काही दिसत नाही. एकाच पाकिटातले दोन दिवे एकाच क्षणी लावून बघा. दोघे जर एकत्र लुकलुकत असतील तर ते पाकीट परत करा. मोबाईलचा कॅमेराही समोर धरून बघा. पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिवा फार वेगाने चालू-बंद होऊन उजेड कमी-जास्त करतोय असं समजायचं. डोळ्यांना त्याचा त्रास होईलच असं नाही, पण आराशीचे फोटो आणि व्हिडिओ मात्र पट्ट्यापट्ट्यांचे येतील.

आणखी एक गोष्ट. वाऱ्याविना असलेल्या खोलीत खरी मेणबत्ती फारशी फडफडत नाही, ती सरळ उभी जळते आणि मध्येच एखादा झोका घेते. स्वस्त दिवे सतत वादळात सापडल्यासारखे करतात. दोन नमुन्यांत निवड करायची असेल तर कमी हलणारा घ्या.

महाग दिव्यात ज्योतीच्या आकाराची प्लास्टिकची पातळ पाकळी बारीक तारेवर टांगलेली असते. तिच्या खाली इवलंसं चुंबक असतं, बुडातल्या तारेच्या वेटोळ्यात वीज आली की ते ढकललं जातं आणि पाकळी डुलते. उजेड खालून तिच्यावर पडतो. लांबून ही ज्योत भल्याभल्यांना फसवते. पण तिच्या अटी आहेत. दिवा पूर्ण सपाट जागी हवा, पाट जरा कललेला असला तरी पाकळी कडेला टेकून अडकते. शेजारी स्पीकर किंवा चुंबकाचं शोपीस असलं तरी तेच होतं. दिवा चालू आहे पण ज्योत हलत नाही असं दिसलं तर सेल बदलण्याआधी त्याची जागा बदलून बघा.

रंगाचंही थोडं. खरी ज्योत साधारण 1900 केल्विनची, म्हणजे चांगलीच तांबूस. वॉर्म व्हाइटच्या पाकिटावर बहुधा 2700 ते 3000 लिहिलेलं असतं, आणि समईच्या शेजारी तो उजेड फटफटीत दिसतो. त्यावर पिवळ्या जिलेटीन पेपरचा एक थर गुंडाळला की काम भागतं. जिलेटीन पेपर फक्त बॅटरीच्या दिव्यावर लावायचा, हे सांगायला नको.

हिशेब

भाव दुकानाप्रमाणे आणि सणाच्या गर्दीप्रमाणे बदलतात, म्हणून मी गोल आकडे धरते. तुम्ही आपापले भाव घालून बघा. संध्याकाळी सात ते अकरा दिवे लावायचे. महालक्ष्म्यांच्या तीन संध्याकाळी म्हणजे बारा तास, दिवाळीच्या पाच संध्याकाळी म्हणजे वीस. वर्षाचे बत्तीस तास झाले.

मेणाचा टीलाइट चार रुपयांना धरू, तो जेमतेम चार तास जळतो. चोवीस जागांना आठ संध्याकाळी 192 टीलाइट लागतात, म्हणजे वर्षाला 768 रुपये.

बटन सेलचे चोवीस दिवे पंधरा रुपयांप्रमाणे 360 रुपयांचे. महालक्ष्म्यांत त्यांचा दम निघतो, दिवाळीला सेल बदलावे लागतात. बरा बटन सेल सुटा घेतला तर वीस रुपये धरा. म्हणजे नुसते सेल 480 रुपयांचे, नवे दिवे घ्यायला 360. सेल दिव्यापेक्षा महाग, म्हणून सगळे नवं पाकीटच आणतात. खर्च वर्षाला 720 रुपये आणि शिवाय अठ्ठेचाळीस दिव्यांचा कचरा.

तीन पेन्सिल सेलचे दिवे नव्वद रुपयांना एक धरू. ते जास्त प्रखर असतात, त्यामुळे दहा पुरतात. दिवे 900 रुपयांचे आणि पंचवीस रुपयांप्रमाणे तीस अल्कलाइन सेल 750 रुपयांचे. एक संच साठ तास, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं चालतो. पाच वर्षांत सेलचे तीन संच लागतील.

आता पाच वर्षांची बेरीज करा. मेणाला 3840, बटन सेलला 3600, पेन्सिल सेलला 3150. चार वर्षांपर्यंत तर पेन्सिल सेलच महाग पडतो. फरक इतका कमी आहे की बचत होईल म्हणून बॅटरीचे दिवे घ्यायचे, असं कुणाला सांगण्यात अर्थ नाही. पैसे सारखेच जातात. त्यांच्या बदल्यात पंखा बिनधास्त चालू ठेवता येतो आणि सवाष्णींची पंगत उठेपर्यंत कुणाला आराशीपाशी राखण बसावं लागत नाही, हे मिळतं.

चार्ज होणारे सेल नुसत्या सणासाठी घेऊ नयेत. तीस सेल दीडशे रुपयांप्रमाणे 4500, वर चार्जर वेगळा. अल्कलाइनचे पाच वर्षांचे तिन्ही संच मिळून 2250 होतात, त्यामुळे ते पैसे वसूल होणार नाहीत. पण देवघरात किंवा दुकानात रोज चार तास एक बॅटरीचा दिवा लागत असेल तर गोष्ट उलटी होते. वर्षाचे 1460 तास झाले, म्हणजे त्या एका दिव्याला अल्कलाइनचे चोवीस संच, 1800 रुपये. चार्ज होणारे तीन सेल 450 रुपयांचे, चार्जर आठशेचा धरला तरी वर्षाच्या आत फिटतो.

माझी खरेदी विचाराल तर अशी असेल. दोघींच्या दोन बाजूंना डुलत्या पाकळीचे दोन दिवे, थोडे महाग असले तरी. फुलांच्या आणि कमानीच्या मागे पेन्सिल सेलचे आठ-दहा, अगदी साधे, कारण ते दिसणारच नाहीत. उंबऱ्यावर पाण्याच्या पणत्या. बटन सेलचे टीलाइट सगळ्यात कमी.

लावताना आणि काढताना

टायमरचे दिवे बहुतेक सहा तास चालू आणि अठरा तास बंद असे असतात. पहिल्या दिवशी ज्या वेळी बटण दाबाल त्याच वेळी ते रोज लागतील, म्हणून आवाहनाच्या दिवशी दुपारी गडबडीत दाबून मोकळे होऊ नका. एका दिव्यात नवा-जुना सेल मिसळायचा नाही, अल्कलाइनबरोबर कार्बन-झिंकही नाही. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात आणि तोच पाझरतो.

विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी सगळे सेल काढा. रिमोटचे दिवे बंद दिसले तरी हुकमाची वाट बघत थोडी थोडी वीज खातच असतात. सेल डब्यात वेगळे ठेवा, बटन सेल एकमेकांना टेकणार नाहीत असे चिकटपट्टीत गुंडाळा. अल्कलाइन सेल पाझरून दिव्यात सेल टेकतो त्या धातूच्या पट्टीवर पांढरी बुरशीसारखी साय आली असेल तर काडीला कापूस गुंडाळून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घ्या आणि पुसा, मग पूर्ण कोरडं करा. पट्टी हिरवट होऊन झिजलेली असेल तर तो दिवा गेला.

वरून खऱ्या मेणाचा थर दिलेले दिवे माळ्यावर टाकू नका. इंदुरात मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर मेण मऊ होऊन दिवे कलतात, आणि कललेल्या दिव्यात डुलती पाकळी चालत नाही. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण बरा.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. सकाळच्या कचऱ्याच्या गाडीला घातक कचरा आणि ई-कचरा यांचे कप्पे वेगळे असतात, सेल हातात वेगळे देऊन कुठल्या कप्प्यात टाकायचे ते गाडीवाल्या भैयाला विचारा. न उघडणाऱ्या पाण्याच्या पणत्या सेलसकट ई-कचऱ्यात जातील.